विश्लेषण : ‘शनिवारी जमणार नाही, पण…’ आवडत्या माणसाचे निमंत्रण नाकारताना आवड कशी पोहोचवायची?

बुधवारी रात्री पावणेदहाला मेसेज येतो. ‘शनिवारी दादरला शिवाजी मंदिरला साडेआठचा प्रयोग आहे. दोन तिकिटं काढू का?’ पाठवणारा तोच, ज्याच्या मेसेजची गेले चार महिने वाट पाहणे चालू आहे. आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत शिफ्ट.

समजा, ती कल्याणला राहते आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तो विक्रोळीचा. ओळख ट्रेकिंगच्या ग्रुपमधली, दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणू लागले आहेत, पण दोघांनीच कुठे भेटायचे असे हे पहिलेच बोलणे. तिला जायचे आहे. शनिवारी जाता येणार नाही. एवढी साधी गोष्ट दोन ओळींत सांगायची तर अंगठा स्क्रीनवर पंधरा मिनिटे अडकतो. ‘नाही’ म्हटले तर त्याला वाटेल की रस नाही. ‘हो’ म्हणून शिफ्ट बदलायला गेले तर महिन्यातली एकुलती एक अदलाबदल खर्ची पडते. आणि काहीच उत्तर दिले नाही तर निळ्या टिका त्याला दिसतातच.

शेवटी बरेचदा जो मेसेज जातो तो असा : ‘अरे सॉरी सॉरी!! शनिवारी नाही रे जमणार. बघू नंतर कधीतरी. तू जा ना मित्रांसोबत.’ लिहिणारीच्या मनात यात भरपूर आपुलकी असते. वाचणाऱ्याला मात्र यात स्पष्ट, सभ्य नकार दिसतो, आणि त्याचे वाचन चूक म्हणता येणार नाही.

नकार नेमका कशाला?

कोणत्याही निमंत्रणात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. सोबत कोणाची, बेत कशाचा आणि वेळ कोणती. वरच्या मेसेजमध्ये तो, नाटक आणि शनिवारची रात्र. उत्तर देणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा यांतल्या एकाच गोष्टीशी असते. पण नकार सरसकट दिला की तो तिन्ही गोष्टींना लागतो, आणि समोरचा माणूस स्वाभाविकपणे त्यातला सर्वांत जिव्हारी लागणारा अर्थ घेतो : नकार मला आहे.

म्हणून कोणती गोष्ट नाकारली आणि कोणत्या दोन शिल्लक ठेवल्या, हे शब्दांत दिसले पाहिजे. सूर गोड ठेवून, इमोजी टाकून किंवा चार वेळा माफी मागून ते दिसत नाही. उलट माफी जितकी मोठी, तितका नकारही मोठा वाटू लागतो. नाटकाला न जाण्याबद्दल कोणी तीनदा ‘सॉरी’ म्हणत नाही. तीनदा ‘सॉरी’ आले की वाचणाऱ्याला वाटते, हिला याहून मोठे काहीतरी सांगायचे आहे.

मराठीत ही वेगवेगळी दारे बंद करण्यासाठी क्रियापदेही वेगवेगळी आहेत, आणि ती घाईत एकमेकांच्या जागी पडतात. ‘नको’ म्हणजे ती गोष्टच नको. ‘नाटक नको’ म्हटले की बेत गेला. ‘मी येणार नाही’ यात इच्छा नसल्याचा अर्थ आधी ऐकू येतो, परिस्थितीचा नंतर. ‘मला जमणार नाही’ यात मात्र इच्छा शाबूत राहते आणि अडचण बाहेरची ठरते. त्यामुळे ‘शनिवारी’ आणि ‘जमणार नाही’ हे दोन शब्द शेजारी बसले की नकार त्या दिवसापुरता उरतो. ‘नाही रे जमणार’ यातही क्रियापद तेच आहे. तिथे बिघडवले ते पुढच्या वाक्याने.

‘बघू’ म्हणजे नेमके काय?

मराठी घरांत ‘बघू’ या शब्दाचा अर्थ लहानपणीच कळतो. सायकल मागितल्यावर वडील ‘बघू’ म्हणाले की सायकल येणार नाही, हे आठ वर्षांच्या मुलालाही समजते. ‘नक्की करू’, ‘कळवते’, ‘नंतर कधीतरी’, ‘जमेल तसं’ ही त्याच कुळातली मंडळी. कोणाचे मन न दुखावता विषय संपवण्यासाठी ही भाषेने केलेली सोय आहे, आणि ती चांगली सोय आहे. पण ज्याला विषय संपवायचा नाही, त्यानेच हे शब्द वापरले तर दोष ऐकणाऱ्याचा नाही.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे बारकाईने पाहिले आहे. अनिटा पोमेरन्ट्झ या संशोधिकेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले की सहमती आणि असहमती यांची रचनाच वेगळी असते. होकार चटकन आणि थेट येतो. नकार अडखळत येतो. आधी थोडी शांतता, मग ‘अगं’, ‘म्हणजे’, ‘तसं बघायला गेलं तर’, मग कारण. ऐकणाऱ्याला नकाराचा शब्द येण्याआधीच नकार कळलेला असतो. ब्रिटनमध्ये सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार ‘नाही’ हा शब्द न उच्चारताही माणसे रोज नकार देतात आणि तो समोरच्याला व्यवस्थित समजतो.

फोनवर ही शांतता वेगळ्या रूपात दिसते. निळ्या टिका, ‘टायपिंग’ असे तीनदा येऊन नाहीसे होणे, मग दुसऱ्या दिवशी दुपारी आलेले उत्तर. बुधवारी रात्री वाचलेल्या मेसेजला गुरुवारी दुपारी ‘बघू’ असे उत्तर गेले तर त्या दोन्ही खुणा एकाच दिशेने बोलतात. आवड असूनही उत्तर लांबले असेल, पण समोर ती आवड दिसण्याचा काही मार्ग नसतो. वेळ हवाच असेल तर तसे लगेच सांगणे उत्तम : ‘वाचलं. शनिवारची शिफ्ट बघून उद्या सकाळी सांगते.’ आणि मग सकाळी खरेच सांगायचे.

पण वरच्या मेसेजमधले सर्वांत घातक वाक्य ‘बघू’ नाहीच. ते आहे ‘तू जा ना मित्रांसोबत’. लिहिणारीला त्याची संध्याकाळ वाया जाऊ नये असे वाटत असते. वाचणाऱ्याला मात्र कळते की त्याने जी खुर्ची तिच्यासाठी धरली होती, ती तिने स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकली. हे वाक्य काढून टाकले तर अर्धे काम तिथेच होते.

मग मेसेज कसा असावा?

आता तोच मेसेज पुन्हा लिहून पाहू. पाठवण्याआधी तिने पाच मिनिटे एका कामात घालवली : त्या नाटकाचे पुढचे प्रयोग कुठे आहेत ते पाहिले. मराठी नाटक आज एका नाट्यगृहात तर उद्या दुसऱ्या, हे नाटक पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. समजा, तेच नाटक रविवारी दुपारी चारला मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात आहे. मग मेसेज असा :

‘शनिवारी जमणार नाही, रात्री ९ पर्यंत शिफ्ट आहे. पण हे नाटक तुझ्यासोबत बघायला मला आवडेल. रविवारी दुपारी ४ चा प्रयोग मुलुंडला, कालिदासला आहे आणि मी मोकळी आहे. तुला चालणार असेल तर तिकिटं मी काढते.’

यात पहिल्याच वाक्यात नकार आहे. तो लपवलेला नाही, म्हणून वाचताना धाकधूक राहत नाही. कारण एकच आहे, आणि ते खरे आहे. दुसऱ्या वाक्यात ‘तुझ्यासोबत’ हा एक शब्द सगळे काम करतो. तो नसता तर ‘हे नाटक बघायला मला आवडेल’ हे नाटकाचे कौतुक झाले असते, त्याचे नव्हे. अनेकांना नेमका हाच शब्द लिहिताना संकोच वाटतो. पण आवड कळावी असे वाटत असेल तर मेसेजमध्ये कुठेतरी एक जागा अशी लागते, जिथे आडपडदा नाही. मोठी कबुली देण्याची गरज नाही, ‘तुझ्यासोबत’ पुरे. आणि कारण सांगून झाल्यावर येणारा ‘पण’ योग्य दिशेला वळलेला आहे. ‘आवडलं असतं, पण शिफ्ट आहे’ असे लिहिले की वाक्य नकारावर संपते आणि वाचणाऱ्याच्या मनात तेच उरते. ‘शिफ्ट आहे, पण आवडेल’ असे लिहिले की ते होकाराकडे उघडे राहते. ‘आवडलं असतं’ आणि ‘आवडेल’ यांतला फरकही लहान नाही. पहिल्यात संधी गेलेली असते.

तिसऱ्या वाक्यात दिवस, वेळ आणि ठिकाण आहे. शेवटी तिकिटांची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली आहे. एकदा त्याने विचारले, आता तिने विचारले, म्हणजे फिट्टंफाट झाली. ‘तूच सांग कधी ते’ असे म्हणून चेंडू परत त्याच्याकडे टाकला असता, तर एकदा नकार ऐकलेल्या माणसालाच पुन्हा हिंमत करावी लागली असती. बरेच जण ती करत नाहीत.

मुलाने मुलीचे निमंत्रण नाकारण्याची वेळ आली तरी रचना हीच. तिथे एक जादा चूक होते ती म्हणजे विनोदात टाळणे. ‘बॉस जीव घेईल माझा, हाहा’ एवढेच उत्तर देऊन विषय सोडला की तिला कळत नाही की हा हसला कशाला.

‘तुम्ही’वर असलेल्या ओळखीत याच मेसेजमध्ये ‘तुझ्यासोबत’च्या जागी ‘तुमच्यासोबत’ येईल, बाकी काही बदलत नाही. नकार मऊ करण्यासाठी अचानक ‘तू’वर येणे, किंवा ‘तू’वरून सावधपणे ‘तुम्ही’वर जाणे, दोन्ही खटकते. अंतर अचानक बदलले की माणूस शब्दांपेक्षा त्याचाच विचार करत बसतो.

कारण किती सांगायचे?

एक. शिफ्ट आहे, शिवाय मावशी येणार आहे, शिवाय डोकेही दुखते आहे, असे तीन कारणांचे डोंगर रचले की एकही खरे वाटत नाही.

‘वेळच नाही’ हे कारण तर शक्यतो टाळावेच. अमेरिकेत ग्रँट डोनेली, अ‍ॅशली विलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निमंत्रण नाकारण्याच्या कारणांवर प्रयोग केले आहेत. त्यात ‘पैसे नाहीत’ या कारणापेक्षा ‘वेळ नाही’ हे कारण नात्याला जास्त लागते असे दिसले, कारण वेळ काढणे हे ज्याच्या त्याच्या हातात आहे अशी लोकांची समजूत असते. ‘सध्या खूप बिझी आहे’ याचा अर्थ म्हणूनच ‘माझ्या यादीत तू खाली आहेस’ असा होतो. ‘शनिवारी नऊपर्यंत शिफ्ट’ हेही वेळेचेच कारण आहे, पण त्याला कडा आहेत. ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दिसते, आणि संपल्यावर काय हेही त्याच मेसेजमध्ये आहे.

खोटे कारण देण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः खरे कारण सांगायला अवघड असेल तेव्हा. बऱ्याच मुलींच्या बाबतीत शिफ्ट नसतेच. साडेआठचा प्रयोग अकराच्या सुमाराला संपतो, मग दादरहून कल्याणची गाडी, मग स्टेशनवरून रिक्षा, आणि घरी काय सांगायचे हा प्रश्न वेगळाच. अशा वेळी ‘घरी पाहुणे आहेत’ हे ठरलेले उत्तर जाते. दोघांचा ट्रेकिंगचा ग्रुप एक, स्टेटस सगळ्यांना दिसणारे, त्यामुळे पाहुणे खोटे निघायला वेळ लागत नाही. शिवाय पाहुणे गेल्यावर तो पुन्हा रात्रीच्याच प्रयोगाचे विचारतो, कारण अडचण रात्रीची आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘रात्रीचा प्रयोग नको, परतायला फार उशीर होतो. दुपारचा असेल तर नक्की येईन’ हे खरे आणि सोपे आहे. इथे ‘नको’ चालतो, कारण तो वेळेला चिकटला आहे. ज्याला खरेच भेटायचे आहे तो दुपारचा प्रयोग शोधतो. जो ‘एवढं काय त्यात, मी सोडतो ना घरी’ म्हणून रेटत राहतो, त्याच्याबद्दलही काहीतरी कळले, तेही तिकीट काढण्याआधी.

स्वतःला सोयीची वेळ मागणे हा स्वार्थ आहे का?

आवडत्या माणसापुढे लोक स्वतःची सोय सर्वांत आधी सोडतात. शनिवार नाकारल्याची टोचणी असते, म्हणून भरपाईदाखल ‘तू म्हणशील तेव्हा’ असे लिहिले जाते. मग तो म्हणतो, सोमवारी रात्री. सोमवारी सकाळी सातची शिफ्ट असते, तरी हो म्हटले जाते, आणि सोमवारी दुपारी पुन्हा ‘सॉरी रे’. एकदा वेळ बदलली तर कोणी मनावर घेत नाही. दोन वेळा बदलली, आणि दुसरी वेळ तिनेच मान्य केलेली होती, तर मात्र शंका पक्की होते. म्हणून पर्यायी वेळ देताना जी नक्की पाळता येईल तीच द्यावी, मग ती दहा दिवसांनंतरची का असेना. लांबची पण पक्की तारीख जवळच्या कच्च्या तारखेपेक्षा बरी.

तिच्या बाबतीत रविवार दुपार आणखी एका कारणाने सोयीची आहे. नाटक चालू असताना अडीच तास बोलता येत नाही. रात्री नाटक संपले की दोघांनाही गाडी गाठायची घाई असते. दुपारचे नाटक संपल्यावर चहा घ्यायला, बोलायला तासभर मिळतो, आणि फार रात्र होण्याआधी घरी पोहोचता येते. मुलुंड विक्रोळीहूनही जवळ आणि कल्याणच्या गाडीवरही. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात तेच नाटक पुढच्या आठवड्यात लागणार असते, तर तिने ते मुद्दाम सुचवले नसते. पहिल्याच भेटीत मध्यंतराला बटाटेवड्याच्या रांगेत काकू भेटणे कोणाला हवे आहे?

कधी पर्यायी वेळ खरोखरच माहीत नसते. रोस्टर शुक्रवारी संध्याकाळी लागतो, त्याआधी काही सांगता येत नाही. अशा वेळी भेटीची तारीख देता येत नाही, पण उत्तराची तारीख देता येते : ‘पुढच्या आठवड्याचा रोस्टर शुक्रवारी कळेल. शुक्रवारी रात्री मी तुला दोन दिवस सांगते, त्यातला एक तू निवड.’ नुसते ‘कळवते’ आणि ‘शुक्रवारी रात्री सांगते’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र शुक्रवारी रात्री फोनमध्ये गजर लावून ठेवावा. ती रात्र कोरडी गेली तर आधीचा गोड मेसेज उलटा मोजला जातो.

तो नाराज झाला तर?

ही भीती खऱ्यापेक्षा मोठी असते, असे म्हणायला आधार आहे. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की निमंत्रण नाकारणाऱ्याला समोरचा किती दुखावेल याचा अंदाज बहुधा फुगलेला असतो. समोरच्याला तितके वाईट वाटत नाही, कारण नाकारण्याआधी बराच विचार केला असेल हे तो गृहीत धरतो.

तरीही उत्तर पाहायला हवे. ‘अरे वा, रविवार चालेल’ आले तर प्रश्न नाही. ‘रविवारी मला नाही जमणार, पुढच्या रविवारी?’ आले तर तेही होकारासारखेच धरावे, कारण त्याने तेच केले जे तिने केले : वेळ नाकारली, बाकी ठेवले. नुसते ‘ओके’ आले तर अर्थ लगेच काढू नये. नकाराचा शब्द वाचून माणूस पुढच्या ओळी नीट वाचत नाही, असे होते. दुसऱ्या दिवशी एकदाच विचारावे : ‘रविवारचं सांग, तिकिटं काढायची आहेत.’ त्यावरही ‘बघतो’ आले, तर ‘बघतो’ म्हणजे काय हे तिला आता माहीत आहे. तिथे तिसरा मेसेज नसतो.

निमंत्रण देणाऱ्यानेही हेच मोजमाप वापरावे. नकारासोबत दुसरी तारीख आली तर ती आवडीची खूण. तारखेविना नकार आला तर तो नकारच, आणि त्यात लपलेला होकार शोधत बसण्याचे कारण नाही. म्हणूनच ज्याला मनातून नको आहे त्याने सभ्यपणा म्हणून ‘पुढच्या रविवारी नक्की’ असे कधीही लिहू नये. त्या वेळी ‘बघू’सुद्धा नको. ‘विचारलंस, बरं वाटलं, पण माझ्या मनात तसं काही नाही’ एवढे वाक्य पुरते, आणि ते ऐकणारा माणूस पुढचे तीन आठवडे फोनकडे बघत बसत नाही.

निरोप घेताना मराठीत कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. उंबरठा ओलांडतानाच परत येण्याचे बोलून ठेवायची ही सवय नाटकाच्या मेसेजलाही चालते. फक्त तिथे ‘येते’च्या पुढे रविवार, दुपारी चार, कालिदास असे लिहावे लागते.